लिमिटला सारखं अडकणाऱ्या गिऱ्हाइकाला मोठा प्लॅन कसा सुचवावा?

*प्रश्न: सांगलीत एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीत सपोर्टला आहे. मार्केट यार्डातले एक अडते महिन्याच्या बिलांच्या लिमिटला सारखे अडकतात आणि मला फोन करतात. त्यांना प्रीमियम प्लॅन सांगायचाय, पण गळ्यात मारतोय असं वाटू नये. नेमकं काय बोलू?*

काय बोलायचं ते नंतर ठरेल. आधी त्यांचा गेल्या वर्षभराचा महिनावार वापर काढून समोर ठेवा. मीही यार्डातल्याच गिऱ्हाइकांचं हेच काम करतो. लिमिटला अडकणारा प्रत्येक जण मोठ्या प्लॅनचा गिऱ्हाईक असतो असं अजिबात नाही. कुणाचा धंदा खरंच वाढलेला असतो, कुणाचा फक्त हंगाम असतो आणि कुणाची बिलं नुसतीच वाया जात असतात. तिघांना एकच प्लॅन सांगितला की दोघांना तो गळ्यात मारल्यासारखाच वाटणार, आवाज कितीही मऊ ठेवा.

वाया जाणाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये रद्द केलेलं बिलही मोजलं जातं. दुकानात नवीन पोरगा बसला की तो वजन चुकलं, बिल रद्द. भाव चुकला, पुन्हा रद्द, असं करत राहतो. तुमच्या सिस्टीममध्ये रद्द बिलांचा रिपोर्ट असेल तर तो आधी बघा. दर दहा बिलांत दोन-तीन रद्द दिसत असतील, तर प्लॅनचं नावही काढू नका. बिल सेव्ह करण्याआधी ते दुरुस्त कसं करायचं हे त्या पोराला दहा मिनिटं फोनवर दाखवा. कंपनीला त्या महिन्यात त्यातून काही मिळत नाही, हे खरं. पण हेच शेठ पुढे तुमचा आकडा उलटतपासणी न करता ऐकतात.

तुमचं गिऱ्हाईक बहुधा हंगामी असणार, म्हणून तेच उदाहरण सविस्तर घेतो. हळदीचे एक अडते धरा. आकडे हिशेबाला सोपे केलेत आणि सगळे जीएसटी धरून आहेत. साधा प्लॅन 499 रुपये महिना, त्यात 300 बिलं. संपली की 100 बिलांचा जादा पॅक 175 रुपयांना, उरलेला पॅक महिनाअखेरीला बाद. प्रीमियम 999 रुपये, 1500 बिलं.

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत यांची बिलं 200 ते 260 मध्येच असतात. नवी हळद यार्डात यायला लागली की फेब्रुवारीत 410, मार्चमध्ये 620, एप्रिलमध्ये 580, मेमध्ये 390, आणि जूनपासून पुन्हा 250 च्या आत. आता जादा पॅकचा खर्च मांडा. फेब्रुवारीत 110 बिलं जास्त, म्हणजे दोन पॅक, 350 रुपये. मार्चमध्ये 320 जास्त, चार पॅक, 700. एप्रिलमध्ये 280, तीन पॅक, 525. मेमध्ये 90, एक पॅक, 175. चार महिन्यांचे मिळून 1750.

प्रीमियमचा फरक महिन्याला 500. म्हणजे दोन पॅकपर्यंत साधा प्लॅनच स्वस्त आणि तिसऱ्या पॅकपासून प्रीमियम स्वस्त. फेब्रुवारी आणि मेमध्ये पॅकच बरा, मार्च-एप्रिलमध्ये प्रीमियम बरा. दोन महिने प्रीमियम आणि दोन महिने पॅक असं केलं तर जादा खर्च 350, 500, 500 आणि 175, एकूण 1525. वर्षभर प्रीमियम ठेवला तर तोच जादा खर्च 6000. आता तुम्हीच सांगा, या माणसाला वर्षाचा प्रीमियम सुचवला तर तो गळ्यात मारणं आहे की नाही?

पॅकपेक्षा दोन महिन्यांच्या प्रीमियममध्ये वाचतात फक्त 225 रुपये. यार्डातल्या माणसाला 225 रुपयांचं अप्रूप नाही, म्हणून बचतीच्या गोष्टीवर फार जोर देऊ नका. त्याचं खरं दुखणं वेगळं आहे. सौदे निघालेत, शेतकरी पट्टीसाठी काउंटरला उभा आहे, खरेदीदाराची गाडी भरून तयार आहे आणि स्क्रीनवर लाल अक्षरात लिमिट संपल्याचं येतं. दिवाणजी पॅक घेऊ शकत नाही, कारण ओटीपी शेठच्या मोबाईलवर आणि शेठ सौद्यात. मार्चमध्ये हे चार वेळा होतं. प्रीमियममुळे हे थांबतं, आणि हीच गोष्ट बोलायची आहे.

मात्र हे बोलण्याची वेळ ही नव्हे. बिल अडकलंय म्हणून फोन आला तर त्या फोनवर फक्त अडलेलं काम सोडवा. तुमच्याकडे तात्पुरती 20-25 बिलं उघडून द्यायचा अधिकार असेल तर द्या, नसेल तर साहेबांकडून तो आधीच मागून ठेवा. अडलेल्या माणसाला त्याच क्षणी प्लॅन सांगितला, की मुद्दाम अडवलं असंच तो धरून चालतो. दुपारनंतर, काउंटरची गर्दी ओसरल्यावर, तुम्ही स्वतः फोन करा.

फोनवर पहिला संशय मोजणीचा निघतो. "आम्ही दिवसाला दहा-बारा बिलं करतो हो, तुमचं सॉफ्टवेअरच जास्त मोजतंय." याचं उत्तर तयार पाहिजे. शेठच्या डोक्यात बिल म्हणजे खरेदीदाराचं बिल. तुमचा काउंटर शेतकऱ्याची पट्टीही मोजतो. पंधरा शेतकऱ्यांची हळद पाच खरेदीदारांना गेली तर वीस झाली. एका दिवसाची यादी काढून पाठवा, ते बोटाने मोजतील आणि विषय मिटेल. हे न मिटवता पुढे गेलात तर नंतरचं प्रत्येक वाक्य वाया.

मग बोलणं साधारण असं:

"शेठ, सकाळी बिल अडकलं होतं ते सुरू झालंय ना? एक विचारायचं होतं. मार्च-एप्रिलला आवक गेल्या वर्षीसारखीच धरताय का?"

"यंदा जरा जास्तच येईल असं दिसतंय."

"मग गेल्या वर्षीचा हिशेब सांगतो. मार्चला तुम्हाला चार पॅक लागले, एप्रिलला तीन. त्यापेक्षा हे दोन महिने मोठा प्लॅन घेतला तर थोडा स्वस्त पडतो आणि मधे अडकायला होत नाही. मेपासून परत साधाच ठेवा, वर्षभर मोठा तुम्हाला लागत नाही."

"आणि मेमध्ये परत खाली आणायला विसरलो तर? पैसे जात राहतील."

"एक मेला मी फोन करतो. तुम्ही हो म्हणाल तरच मोठा चालू राहील."

"वर्षभर मोठा तुम्हाला लागत नाही" हे त्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य. ते खरं असेल तरच म्हणा, आणि खरं असेल तर म्हणायला कचरू नका. साहेब म्हणतील वार्षिक प्लॅन विक. त्यांना हाच कागद दाखवा. ज्याच्या आठ महिन्यांत लिमिटच गाठली जात नाही तो वार्षिक घेऊन पुढच्या वर्षी सोडून जातो.

शेवटचं आश्वासन देण्याआधी मात्र तुमच्या सिस्टीममध्ये प्लॅन खाली आणल्यावर काय होतं ते स्वतः करून बघा. प्रीमियममध्ये तिसरा लॉगिन मिळत असेल आणि गोडाऊनवरच्या माणसाने तो वापरायला सुरुवात केली असेल, तर एक मेला तो बंद पडणार. जुनी बिलं दिसत राहतात की कुलूपबंद होतात? महिना एक तारखेला सुरू होतो की प्लॅन घेतल्याच्या तारखेला? मार्चच्या 12 तारखेला प्रीमियम घेतला आणि तो 11 एप्रिलपर्यंतच चालला, तर वरचा सगळा हिशेब बदलतो. हे आधी सांगितलं तर माहिती, नंतर कळलं तर फसवणूक.

किमतीचंही तसंच. "999" म्हणायचं आणि बिल 1178 रुपये 82 पैशांचं पाठवायचं, हे करू नका. वर 18 टक्के जीएसटी लागणार असेल तर पहिल्याच वाक्यात पूर्ण रक्कम सांगा.

आणखी एक अडचण यार्डात नेहमी येते. लिमिटचा मेसेज बघतो दिवाणजी, पैसे देतात शेठ. दिवाणजीला तुम्ही पाच मिनिटं समजावलेलं शेठपर्यंत "ते जास्त पैसे मागतायत" एवढंच पोचतं. म्हणून दिवाणजीला तसाच पुढे पाठवता येईल असा छोटा व्हॉट्सॲप मेसेज द्या:

"नमस्कार शेठ. या महिन्यात 12 तारखेपर्यंत 240 बिलं झाली, रोजची साधारण 20. याच वेगाने 15 तारखेला 300 पूर्ण होतील. पर्याय: लागेल तसा 100 बिलांचा पॅक रु. 175, किंवा या महिन्यापुरता मोठा प्लॅन, रु. 500 जादा. महिनाअखेरपर्यंत साधारण 320 बिलं जादा लागतील, म्हणजे चार पॅक. काही बदलायचं नसेल तरी हरकत नाही, बिल अडलं तर मला फोन करा."

यात तारीख आहे, दोन्ही पर्यायांची किंमत आहे आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. हा मेसेज 80 टक्के वापर झाला की जावा, 100 टक्क्यांवर नाही. तोवर तीन दिवस हातात असतात, शेठ सावकाश ठरवू शकतात. "फक्त आजच्यापुरती ऑफर" असलं काही त्यात घालू नका. हंगामात भावाची घासाघीस करणारी ही माणसं, असली घाई त्यांना लगेच ओळखू येते.

उत्तर "बघू" आलं तर तो नकारच समजा. "पोराला विचारून सांगतो" हे मात्र बऱ्याचदा खरं असतं, कारण मोबाईल-कॉम्प्युटरचं पोरगाच बघतो. अशा वेळी पोराचा नंबर मागा आणि त्याला तोच मेसेज पाठवा. "बघू" वाल्याला त्या महिन्यात पुन्हा विचारू नका, लागेल तेव्हा पॅक द्या आणि तोही तोंड वाकडं न करता. वहीत नाव लिहून ठेवा. पुढचा फोन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, नवी हळद यायच्या आधी, आणि त्यात मागच्या हंगामात किती पॅक लागले तेवढंच सांगा.