विमा कंपनीला स्मरणपत्र लिहिताना

चि.,

तुझ्या पत्राचा मसुदा वाचला. दीड पानभर हॉस्पिटलची धावपळ आणि मनस्ताप आहे, पण दावा क्रमांक कुठेच नाही. वर पॉलिसी क्रमांक टाकलास, तेवढ्याने भागत नाही. एका पॉलिसीवर वर्षात तीन दावे असू शकतात, त्यामुळे तुझी फाइल दावा क्रमांकानेच सापडते. शिवाय कॉल सेंटरने फोनवर दिलेला तक्रार क्रमांक तू दावा क्रमांक समजून लिहिला आहेस. तो फक्त त्या फोनचा. पत्रात दोन्ही हवेत, पण प्रत्येकापुढे तो कशाचा आहे हे लिही.

आता मुख्य गोष्ट. ‘अडीच महिने झाले’ असं तू म्हणतोस ते डिस्चार्जपासून मोजून. कंपनी तसं मोजत नाही. बहुतेक ठिकाणी निर्णयाची मुदत शेवटचं आवश्यक कागदपत्र त्यांच्या हाती पडल्यापासून धरतात. म्हणून उशीर झाला की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, ‘कागदपत्रं अपूर्ण आहेत.’ तुझ्या पत्राने हीच वाट बंद करायची आहे. फाइल कोणत्या दिवशी पूर्ण झाली, ते पुराव्यानिशी सांगायचं.

तू पाठवलेल्या कागदांवरून मी क्रम लावला. डिस्चार्ज ७ मार्चला. दाव्याचे कागद १८ मार्चला दिलेस, त्याची पोच आहे. २ एप्रिलला त्यांचं पत्र आलं आणि इनडोअर केस पेपर्स व औषधांच्या बिलाची फोड मागितली. तू ९ एप्रिलला पाठवलंस, कुरियर त्यांना ११ एप्रिलला मिळालं. त्यानंतर लेखी काहीच नाही. २९ एप्रिलला फोनवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच कळलं. म्हणजे तुझी तारीख ११ एप्रिल. ७ मार्च नाही, आणि ९ एप्रिलही नाही, कारण त्यांच्या लेखी कागद पाठवल्याला अर्थ नाही, मिळाल्याला आहे. २० मेला पत्र पाठवलंस तर ३९ दिवस होतात. अडीच महिन्यांपेक्षा हा आकडा लहान दिसतो खरा, पण तो खोडता येत नाही.

पत्राचा गाभा एवढाच ठेव:

‘आपल्या २ एप्रिलच्या पत्रात मागितलेली दोन्ही कागदपत्रे आपल्याला ११ एप्रिल रोजी मिळाली आहेत (कुरियरची पोच सोबत). त्यानंतर आपल्याकडून कोणतीही लेखी मागणी आलेली नाही. त्यामुळे या दाव्याची कागदपत्रे ११ एप्रिलपासून पूर्ण आहेत असे मी समजतो. तसे नसल्यास नेमके कोणते कागदपत्र बाकी आहे ते एकदाच आणि लेखी कळवावे. अन्यथा दाव्यावरील निर्णय, अथवा विलंबाचे कारण, ३ जूनपर्यंत लेखी द्यावे.’

‘एकदाच’ हा शब्द काढू नकोस. आज एक कागद, पंधरा दिवसांनी दुसरा, अशा तुकड्यातुकड्याने मागण्या आल्या की प्रत्येक वेळी मुदत नव्याने सुरू झाल्यासारखी दाखवता येते. ‘लवकरात लवकर’ मात्र काढून टाक. त्याच्या जागी तारीख लिहिली की ती उलटल्यावर वरच्या पायरीवर जाता येतं. ही तारीख पॉलिसीतल्या दाव्याच्या कलमाशी ताडून बघ. तिथे निर्णयाची मुदत आणि उशीर झाल्यास व्याज दिलेलं असेल तर कलमाचा क्रमांक लिही. नसेल तर व्याजाचा विषय काढूच नकोस.

२९ एप्रिलच्या फोनचा पुरावा तुझ्याकडे नाही. त्याच दिवशी ‘आज आपल्याशी असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा ईमेल टाकला असतास तर पुरेसा होता. आता पत्रात तारीख आणि तक्रार क्रमांक देऊन उल्लेख कर, त्यावर जोर देऊ नकोस. कोर्टाची धमकी या पत्रात नको. त्याने फाइल दावा विभागातून उचलून कायदा विभागात जाऊ शकते, आणि तिथे कुणाला घाई नसते.

पत्र जुन्या ईमेलच्या उत्तरातच पाठव, विषयात दावा क्रमांक सगळ्यात आधी. तुझा दावा मध्यस्थ टीपीए संस्था हाताळते, म्हणून प्रत थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही जाऊ दे. निर्णयाची जबाबदारी कंपनीची, टीपीएची नव्हे. सोबत प्रतीच जोड, मूळ पोच स्वतःकडे ठेव.

यात एक अडचण आहे. औषधांच्या बिलाची फोड दिलीस, पण तिच्यावर हॉस्पिटलचा शिक्का नसेल तर त्यांचं ‘अपूर्ण’ म्हणणं बरोबर ठरू शकतं आणि ११ एप्रिलची तारीख ढासळेल. म्हणून आधी ते पान बघ. शिक्का नसेल तर तो घेऊन ते पान पुन्हा पाठव आणि पत्रात नव्या पोचेची तारीख धर.

मधेच ते काही रक्कम देऊ करतील आणि सहीसाठी व्हाउचर पाठवतील. त्यावर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं असेल तर कपात कशाची केली याचा लेखी हिशेब हाती येईपर्यंत सही करू नकोस, ते आधी मला दाखव.

तुझा,
काका