अनोळखी क्लायंटला पहिला मेल: 'डिअर सर' की 'हाय'?

प्रश्न: मी नुकतंच स्वतंत्रपणे काम घ्यायला सुरुवात केली आहे. ज्या क्लायंटशी कधी बोललोही नाही, त्यांना पहिला मेल लिहिताना सुरुवात 'डिअर सर'ने करू की 'हाय'ने? आणि शेवट 'युवर्स फेथफुली' की 'चीअर्स'? औपचारिक लिहिलं की कोरडं वाटतं, मोकळं लिहिलं की आगाऊपणा वाटतो.

उत्तर:

'डिअर' आणि त्यापुढे त्या व्यक्तीचं नाव-आडनाव दोन्ही. शेवटी 'काइंड रिगार्ड्स' किंवा 'बेस्ट रिगार्ड्स' आणि त्याखाली तुमचं पूर्ण नाव. पहिल्या मेलला एवढंच ठेवा. दुसऱ्या मेलपासून क्लायंट ज्या सुरात लिहील त्या सुरात लिहा. मी बरीच वर्षं भाषांतराची कामं घेते, सगळे प्रकार करून पाहिले आणि शेवटी या जोडीवर स्थिरावले. ही जोडी का चालते ते सांगते, म्हणजे जिथे ती चालणार नाही तिथे काय करायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मेल उघडण्याआधी समोरच्याला विषयाची ओळ दिसते आणि बहुतेक इनबॉक्समध्ये तिच्या शेजारीच मेलमधले पहिले काही शब्द दिसतात. म्हणजे तुमचं संबोधन हे मेल उघडायचा की नाही हे ठरण्याआधीच वाचलं जातं. तिथे 'डिअर सर/मॅडम' दिसलं, तर हा मेल शंभर जणांना एकदम पाठवलेला आहे असंच वाटतं, आत तुम्ही कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी. तिथे स्वतःचं नाव दिसलं की निदान एवढं कळतं की लिहिणाऱ्याने मी कोण हे शोधायचे कष्ट घेतलेत.

मग नुसतं पहिलं नाव का नको आणि 'मिस्टर' का नको? एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला क्लायंटचं नाव कळलंय किरण देशमुख, बाकी काहीच माहीत नाही. किरण हे नाव पुरुषाचंही असतं आणि बाईचंही. 'डिअर मिस्टर देशमुख' लिहिलं तर चूक व्हायची शक्यता चांगलीच आहे. 'हाय किरण' लिहिलं तर काहींना ते छान वाटेल, काहींना खटकेल, आणि किरण कोणत्या गटात मोडतात हे कळायला तुमच्याकडे अजून काहीच आधार नाही. 'डिअर किरण देशमुख' यात दोन्ही धोके टळतात. ते थोडं ताठ वाटतं हे खरं, पण त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाशी नसलेली जवळीकही होत नाही. परदेशी नावांच्या बाबतीत तर हे जास्तच उपयोगी पडतं. आंद्रेआ हे इटलीत पुरुषाचं नाव असतं आणि जर्मनीत बाईचं. हंगेरी किंवा चीनमधल्या नावात आडनाव आधी येतं, त्यामुळे 'मिस्टर'पुढे नावाचा कुठला भाग लावायचा इथूनच घोळ सुरू होतो. पूर्ण नाव त्यांनी स्वतः लिहिलंय त्याच क्रमाने उतरवलं की प्रश्न मिटतो.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. एका कंपनीच्या तांत्रिक विभागाला मी 'डिअर सर' असा मेल पाठवला. नावाचं आद्याक्षर आणि आडनाव एवढंच ठाऊक होतं आणि विभाग तांत्रिक म्हणून मी 'सर' गृहीत धरलं. उत्तर अगदी सभ्य आलं, कामाबद्दल नीट प्रश्न विचारलेले होते. फक्त खाली सहीत नावाआधी 'मिझ' हा शब्द होता. बाकी काही नाही. मी स्वतः बाई असून, मलाही 'डिअर सर'चे मेल येत असून मी हेच केलं याचं फार वाईट वाटलं. पुढच्या मेलमध्ये योग्य संबोधन लिहिलं आणि एका ओळीत माफी मागितली. लांबलचक खुलासा केला नाही, कारण त्याने समोरच्यालाच 'असू दे' म्हणायची मेहनत पडते. बाईला आडनावाने संबोधायची वेळ आलीच तर 'मिझ' लिहा. 'मिस' किंवा 'मिसेस' लिहिलं की तुम्ही तिच्या लग्नाबद्दल काहीतरी गृहीत धरता.

'मिस्टर' किंवा 'मिझ' लावणार असाल तर पुढे आडनावच येतं. आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे 'डिअर मिस्टर किरण'. आपण बोलताना 'किरण सर' म्हणतो, त्याचंच हे रूपांतर. इंग्रजीत ते अर्धवट वाटतं. तसंच 'रिस्पेक्टेड सर'. आपल्याला त्यात आदर दिसतो, पण इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे त्यांना ते अर्जातलं वाटतं. समोरची व्यक्ती डॉक्टर किंवा प्रोफेसर आहे हे नक्की ठाऊक असेल तर मात्र ते लावा. तिथे 'मिस्टर'ने उगाच एक पायरी खाली आणल्यासारखं होतं.

नाव सापडतच नाही असंही होतं. आधी खरोखर शोधा: कंपनीच्या वेबसाइटवर 'आमच्याबद्दल'चं पान असतं, लिंक्डइन असतं, ज्याने तुम्हाला पत्ता दिला तो माणूस असतो. पत्ता `info@` असा असेल तर तो सहसा कुणा एकाचा नसतोच, अनेकजण तो उघडतात. तिथे विभागाचं किंवा टीमचं नाव घ्या: 'डिअर मार्केटिंग टीम'. 'टू हूम इट मे कन्सर्न' शिफारसपत्राला ठीक आहे, कारण ते पुढे कोण वाचणार हे खरंच माहीत नसतं. काम मागायच्या मेलला ते शोभत नाही.

आता शेवट. जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारात याची ठरलेली जोडी होती. नाव न घेता 'डिअर सर' म्हटलं तर खाली 'युवर्स फेथफुली', नाव घेतलं तर 'युवर्स सिन्सिअरली'. ईमेलमध्ये हे दोन्ही आता जड वाटतात, पण त्यामागची समज मला फार पटते: वर जेवढं अंतर ठेवलं तेवढंच खाली ठेवायचं. 'डिअर किरण देशमुख'ने सुरू झालेला मेल 'चीअर्स'वर संपला तर वाचणाऱ्याला वाटतं की मधेच लिहिणारा बदलला. आणि 'हाय किरण'च्या खाली 'युवर्स फेथफुली' आलं की हसू येतं. 'काइंड रिगार्ड्स' या दोन्हींच्या मधोमध बसतं. नुसतं 'रिगार्ड्स' काहींना तुटक वाटतं, म्हणून पहिल्या मेलला मी ते टाळते. 'वॉर्म रिगार्ड्स' ओळख झाल्यावर. 'थँक्स इन अॅडव्हान्स' तर अनोळखी माणसाला नकोच, कारण त्याने अजून हो म्हटलेलं नसताना तुम्ही आभार मानून मोकळे होता. कशाबद्दल आभार मानायचे असतील तर तेच शेवटच्या वाक्यात नेमकं लिहा, 'वेळ काढून नमुना पाहिलात तर आभारी राहीन' असं, आणि मग 'काइंड रिगार्ड्स'.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या ठरलेल्या सहीत आधीच 'रिगार्ड्स' असेल आणि तुम्ही वर पुन्हा टाइप केलं असेल, तर ते दोनदा जातं. लिहिताना सही आपल्या नजरेत येत नाही, म्हणून हे निसटतं. दुसरं म्हणजे नाव. स्पेलिंग चुकू नये म्हणून ते कॉपी करून आणणं चांगलंच, पण त्याच्यासोबत तिथला फाँट आणि रंगही येतो. 'डिअर' काळं आणि पुढचं नाव करड्या रंगात, किंचित मोठं, असा मेल मला आलेला आहे. बघताक्षणी कळतं की नाव चिकटवलंय. जीमेलमध्ये `Ctrl+Shift+V` ने पेस्ट केलं की नुसती अक्षरं येतात, फाँट येत नाही.

मेल मराठीत लिहायचा असेल तर मात्र हे सगळं जसंच्या तसं उचलू नका. इंग्रजी 'डिअर' कुणालाही चालतं, पण मराठी 'प्रिय' अनोळखी माणसाला फार जवळचं होतं. पूर्ण नावाचंही तसंच: 'नमस्कार किरण देशमुख' वाचलं की वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मराठीत नुसतं 'नमस्कार,' सगळ्यात चांगलं. 'श्री.' की 'श्रीमती', 'महोदय' की 'महोदया' हा पेच पडत नाही आणि पुढे 'आपण' वापरत राहिलात तर वाचणारा पुरुष आहे की बाई हे क्रियापदांतूनही उघड करावं लागत नाही. 'आपण पाठवलेली माहिती वाचली' हे दोघांनाही लागू पडतं. शेवटी 'धन्यवाद' किंवा 'कळावे', आणि 'आपला' किंवा 'आपली' लिहून नाव. 'आपला विश्वासू' अर्जासाठी राहू द्या.

उत्तर आलं की खरी माहिती हाती येते, ती नीट वाचा. क्लायंटने तुम्हाला कसं संबोधलंय आणि शेवटी स्वतःचं नाव कसं लिहिलंय, या दोन जागा पाहायच्या. खालची मोठी सही, पद आणि फोन नंबर असलेली, ती आपोआप लागते. तिच्यावरून काही ठरवू नका. तिच्या वर हाताने काय टाइप केलंय ते पाहा. तिथे नुसतं 'किरण' असेल तर तुम्हाला पहिल्या नावाची परवानगी मिळाली, दुसऱ्या मेलला 'हाय किरण' लिहायला हरकत नाही. तिथे 'के. देशमुख' असेल किंवा काहीच टाइप केलेलं नसेल, तर 'डिअर किरण देशमुख' आणखी एक-दोन मेल तसंच राहू द्या. आणि तुमच्या पहिल्या मेलखाली तुमचं पूर्ण नाव स्पष्ट असू द्या, कारण तुम्हाला कसं संबोधायचं हा पेच आता त्यांच्यापुढे आहे. तुमचंही नाव किरणसारखं असेल तर सहीत नावाआधी 'मिस्टर' किंवा 'मिझ' टाकलंत तर त्यांचं काम सोपं होईल.