भावाने बँकेच्या कागदावर सही मागितली आहे: माझा अनुभव

> वडील मागच्या फेब्रुवारीत गेले. हार्डवेअरचं दुकान वडील आणि मोठा भाऊ यांच्या भागीदारीत, निम्मं-निम्मं. मी बारा वर्षं दुकानात बसतो, पण कागदावर नाव नाही. आता दादा त्याच्या मुलाला भागीदार घेतोय आणि बँकेच्या कागदावर आई, बहीण आणि माझी सही मागतोय. गाळा जुन्या भाड्याचा, पावती वडिलांच्या नावे. सही नाही केली तर घरात बिघडेल. काय करावं?

सही करू नका. निदान तो कागद घरी आणून, वकिलाला दाखवून होईपर्यंत तरी नाही. तुमची पोस्ट वाचली आणि दहा वर्षांपूर्वीची आमची बैठकीची खोली डोळ्यांसमोर आली. आधीच सांगतो, मी वकील नाही. आमचं साताऱ्याकडे भांड्यांचं दुकान होतं, त्यात जे भोगलं तेवढंच सांगतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं वगैरे तुम्ही केलं असेलच.

आमच्याकडेही अप्पा आणि दादा असे दोनच भागीदार. २०१३च्या श्रावणात अप्पा गेले. दोघांच्या भागीदारीतला एक गेला की ती भागीदारी त्याच दिवशी संपते, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पाटी तीच, बिलबुक तेच, म्हणून आम्हाला वाटलं दुकान चालूच आहे.

बँकेने मात्र कॅश क्रेडिटचं खातं थांबवलं. तो त्यांचा नियमच आहे, भागीदार गेला की जुनं येणं त्या तारखेला गोठवतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. त्या शाखेत दर वेळी वेगळा साहेब आणि दर वेळी वेगळी यादी. एक म्हणाला वारस प्रमाणपत्र आणा, दुसरा म्हणाला प्रतिज्ञापत्र पुरे, तिसऱ्याने पहिली फाइलच सापडत नाही म्हणून सांगितलं. इकडे धनत्रयोदशी तोंडावर. आमच्या धंद्यात वर्षाची निम्मी विक्री त्या आठवड्यात होते आणि व्यापाऱ्यांचे चेक अडकलेले. अशात एका शुक्रवारी दादा इंग्रजीत टाइप केलेला दोन पानी कागद घेऊन घरी आला. 'खातं सुरू करायला ना हरकत पाहिजे' एवढंच बोलला. आईने देवघरासमोर बसून सही केली, ताईने पुण्याहून येऊन केली, मी दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या-उभ्या केली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की खातं दादा आणि त्याच्या मुलाच्या नव्या फर्मकडे जायला आमची हरकत नाही आणि जुन्या फर्मच्या मालमत्तेवर आमचा काही हक्क उरलेला नाही. ते शेवटचं वाक्य खातं सुरू करायला लागतच नव्हतं. कुणी घातलं ते आजतागायत कळलेलं नाही. शाखेत विचारलं तर 'आमचा नमुना असाच असतो' म्हणाले, आणि नमुना दाखवा म्हटलं तर दाखवला नाही. चार वर्षांनी माझ्या नोटिशीला उत्तर आलं, त्याला हीच प्रत जोडलेली होती.

यावर माझं ठाम मत आहे. बँकेला ना हरकत हवी असेल तर द्या, पण वेगळ्या कागदावर, मराठीत, आणि त्यात 'हिश्शाचा हक्क राखून' हे शब्द हवेतच. खऱ्या भावाला त्याची अडचण वाटणार नाही.

आता हिशोब. तुम्हाला निम्मं मिळेल असं वाटत असेल, मलाही वाटायचं. निम्मं दादाचं स्वतःचं आहे. वाटणी होते ती वडिलांच्या निम्म्याची, आणि मृत्युपत्र नसेल तर ती आई आणि सगळी मुलं-मुली यांच्यात सारखी. म्हणजे आमच्या चौघांत माझा वाटा रुपयात दोन आणे. बारा वर्षं गल्ल्यावर बसलो त्याचा त्यात काही नाही, कारण पगार कधी वहीत पडलाच नाही. (भांडवल आजोबांपासूनचं एकत्र कुटुंबाचं असेल तर गणित बदलतं, ते वकिलाकडून बघा.)

आणि ते दोन आणे कशाचे? वडील गेले त्या तारखेच्या ताळेबंदाचे. इथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. वहीत मालाचा आकडा १८ लाख होता. दर ३१ मार्चला तो अंदाजाने टाकला जायचा. माळ्यावरची पितळी घंगाळी आणि तांब्याचे हंडे वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीभावाने धरलेले. अप्पा प्रत्येक हंड्याच्या बुडाला खडूने वजन लिहायचे, ती वजनं धरली तर माल ४० लाखांच्या पुढे जायचा. उधारी येणं ६ लाख, बँक आणि व्यापाऱ्यांचं देणं १४ लाख. वहीप्रमाणे निव्वळ १० लाख, त्यात माझे सव्वा लाख. खऱ्या मालाने ३२ लाख, त्यात माझे ४. नावलौकिकाची किंमत वेगळी. पण मी विचारायला गेलो तोवर ते हंडे विकून गेले होते. मोजायचं काय?

दादाने हिशोब न मिटवता धंदा चालू ठेवला तर मधल्या काळासाठी वारसांना नफ्यातला भाग किंवा हिश्शाच्या रकमेवर दर साल ६ टक्के व्याज मागता येतं. भागीदारी कायद्याचं कलम ३७ वकिलाला दाखवा. पण व्याज कशावर, हा प्रश्न पुन्हा त्याच तारखेशी येऊन थांबतो.

मुदतही त्याच तारखेपासून मोजतात. संपलेल्या भागीदारीचा हिशोब मागायला ३ वर्षं. आम्ही 'वर्षश्राद्ध होऊ दे', मग 'पुतण्याचं लग्न होऊ दे' करत राहिलो. मी वकिलाकडे गेलो जानेवारी २०१७मध्ये, मुदत ऑगस्ट २०१६मध्ये संपलेली. वकिलांनी तारीख विचारली आणि पेन खाली ठेवलं. तुमच्याकडे अजून वेळ आहे, घरात बिघडेल म्हणून तो घालवू नका.

मला शेवटी जे काही मिळालं ते गाळ्यामुळे. पावती अप्पांच्या नावाची होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू गेल्यावर, त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत असलेल्या घरच्या माणसाचा हक्क धरतात. एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. मी रोज तिथे बसत होतो याचे पुरावे माझ्याकडे होते, माझ्या अक्षरातल्या बिलबुकांचे गठ्ठे. ते बाहेर काढल्यावर दादा मामांच्या समोर बोलायला बसला. तेव्हा तुमच्या हस्ताक्षरातल्या वह्या, तुमच्या सहीच्या डिलिव्हरी पावत्या आजच बाजूला काढून ठेवा.

तडजोड लिहाल तेव्हा दुकानाचं नाव कोण वापरणार आणि त्याच गावात तोच धंदा कोणी करायचा नाही, किती वर्षं, हे मोघम ठेवू नका. किर्लोस्कर बंधूंचा कौटुंबिक करार २००९चा, तरी एकमेकांच्या धंद्यात उतरायचं की नाही यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१मध्ये कोर्टाने मध्यस्थीचा प्रयत्न करा असं सांगितलं. तिथे तर मोठमोठे वकील होते.

आणि बहिणीला आधी विश्वासात घ्या. आमची ताई 'मला काही नको' म्हणाली आणि आम्ही दोघांनी ते गृहीत धरलं. तिला काय हवं होतं ते मला फार उशिरा कळलं. अप्पांचा तराजू. तो दादाने भंगारात दिला होता.

या रविवारी दुकान बंद असताना माल मोजायला सांगा. दादा, तुम्ही आणि दोघांना मान्य असलेला कुणी तिसरा, असे तिघं बसा. माल मधे विकला-भरला असेल तर खरेदी-विक्रीच्या बिलांवरून फेब्रुवारीचा आकडा मागे काढता येतो. हे काम अकाउंटंट करतो. यादीच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, दोन प्रती. दादा नाही म्हणाला तर तो नाही म्हणाला हे त्याच दिवशी स्पीड पोस्टाने त्याला लिहून कळवा. भागीदारी पत्रात मृत्यूनंतरचं कलम काय आहे ते बघून इथे टाका, मग पुढचं बोलू.