चतुर्थीला घर फुटलं, आणि तो माणूस अजून स्वप्नात येतो

«गेल्या चतुर्थीला आम्ही सत्तरी तालुक्यात मूळ घरी गेलो होतो, तेव्हा फोंड्यातला आमचा फ्लॅट फोडला. घरात कोणीच नव्हतं. थोडी रोकड आणि एक चेन गेली, बाकी काही नाही. पण सहा महिने होत आले तरी एक अनोळखी माणूस घरात शिरलाय असं स्वप्न पडतं आणि मी दचकून उठते. घरचे म्हणतात, कोणाला काही झालं नाही ना, मग विसर आता. ही पुढच्या कशाची सूचना आहे का? की माझ्याच डोक्यात काही बिघडलंय?»

सूचना नाही, आणि डोकंही बिघडलेलं नाही. घरफोडीनंतर अशी स्वप्नं पडणं अगदी नेहमीचं आहे. बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप विरळ होतात. महिन्यामागून महिने टिकली, तर त्यांच्यावर काम करता येतं आणि करावं. हे लिहिणाऱ्या बाई नंतर मला भेटायला आल्या. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, आम्ही काय केलं ते सांगते.

घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पोलिसांनी त्यांना एकच विचारलं होतं, काय गेलं? मी विचारलं, हात कशाकशाला लागला होता? त्या एकदम गप्प झाल्या, आणि मग मराठीत बोलता बोलता कोकणीत आल्या: «कोणें तरी म्हज्या कपड्यांक हात लायलो.» कपाटातल्या साड्या उपसून पलंगावर टाकलेल्या होत्या. आईची एक जुनी नऊवारी उलगडून पाहिलेली होती. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा उघडा होता, कारण डब्यात पैसे ठेवतात हे चोरालाही ठाऊक असतं. परत आल्यावर त्यांनी सगळे कपडे धुतले, मग पुन्हा धुतले, आणि ती नऊवारी काही नेसवेना.

चेनीची किंमत सांगता येते. आपल्या माघारी कोणीतरी आपल्या खोलीत उभं राहून आपलं खाजगी आयुष्य उचकटून पाहिलं, याची किंमत कुठल्याच पंचनाम्यात लिहीत नाहीत. घर म्हणजे जिथे आपण बेसावध राहू शकतो ती जागा, आणि त्यांची ती जागाच गेली होती. म्हणून «फार काही गेलं नाही» हे वाक्य त्यांना धीर देत नव्हतं, एकटं पाडत होतं. चोर कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो केवढा, कसा, किती वेळ थांबला, हे सगळं मनाने आपलं आपणच भरून काढलं. त्यांच्या स्वप्नातल्या माणसाला चेहरा नव्हता. तो स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून तांदळाच्या डब्यात हात घालायचा, आणि तो वळणार एवढ्यात त्यांना जाग यायची.

दर वेळी त्याच क्षणी जाग आल्याने ते स्वप्न कधी पुढे सरकतच नव्हतं. कुळागरात रोज एकाच जागेवरून चाललं की पायवाट पडते, तशी या स्वप्नाची वाट पडली होती. सुरुवातीला त्याला चोरीचा धक्का कारण होता, पुढे पुढे झोपेची ती सवय झाली. ही गोष्ट कळली की उपायही कळतो, कारण सवय बदलता येते.

पण आधी एक वेगळं करून घ्यावं लागलं. एका पहाटे त्या उताण्या झोपलेल्या असताना जाग आली, डोळे उघडे, खोली ओळखीची, दाराशी एक काळी आकृती, आणि अंग हलेना, आवाज फुटेना. याची त्यांना सगळ्यात जास्त भीती बसली होती, कारण हे त्यांना स्वप्न वाटत नव्हतं, खरंच कोणी आलं होतं असं वाटत होतं. स्वप्नं रंगतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नातलं धावणं पलंगावर धावत नाही. कधी मन जागं होतं आणि स्नायू मागे राहतात. त्या थोड्या वेळात खोलीत कोणीतरी आहे असा भास होणं जगभरच्या लोकांना होतं, आणि आपल्याकडे त्यालाच छातीवर कोणी बसलं म्हणतात. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं. हा भास काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सरतो; पायाचं बोट हलवण्याचा प्रयत्न करायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. एवढं समजल्यावर त्या कुशीवर झोपू लागल्या. तो प्रकार पुढे क्वचितच झाला.

मग मी रात्रीचा नेम विचारला. पुढच्या दाराला आता तीन कुलपं होती. झोपण्याआधी कडी, खिडक्या, पुन्हा कडी, अशा फेऱ्या व्हायच्या. त्यांच्या यजमानांनाही एकदा उठवून पाहायला लावायच्या. पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू. दोन वाजता जाग आली की मोबाइलवर कॅमेरा उघडून रिकामा जिना पाहत बसायच्या. मी विचारलं, चोर आला कुठून? न्हाणीच्या खिडकीतून, काचेच्या पट्ट्या सरकवून. आणि त्या खिडकीचं काय केलं? काहीच नाही. तिकडे बघायलाच नको वाटत होतं.

हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. भीती जिथे हात लावायला तयार असते तिथे कुलपावर कुलूप लागतं, आणि खरी फट तशीच राहते. मनाला ते ठाऊक असतं, म्हणून तीन कुलपांनीही ते निवत नाही. त्यामुळे आमचं पहिलं काम फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून त्या खिडकीला लोखंडी गज बसवून घेण्याचं होतं. काम चालू असताना त्या स्वतः तिथे उभ्या राहिल्या. त्यानंतर रात्रीची फेरी एकच, ठरलेल्या क्रमाने, आणि «हे बंद झालं» असं तोंडाने म्हणत. ती झाली की पुन्हा उठायचं नाही, कॅमेरा सकाळपर्यंत उघडायचा नाही. पहिले काही दिवस हे फार जड जातं, कारण तपासल्यावर मिळणारा दिलासा खरा असतो. मात्र तो थोडाच वेळ टिकतो आणि मेंदूला शिकवतो की तपासलं म्हणूनच वाचलो.

आता स्वप्न. त्यासाठी इमेजरी रिहर्सल नावाची एक पद्धत आहे. तिच्यात वाईट स्वप्न दिवसा, जागेपणी नव्याने लिहायचं आणि नव्या रूपाची कल्पनेत उजळणी करायची असते. बॅरी क्राको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली अमेरिकेत लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांबरोबर तिची चाचणी घेतली होती. उपचार मिळालेल्यांची दुःस्वप्नं लक्षणीय कमी झाली आणि झोप सुधारली. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी झोपेच्या तज्ज्ञांकडून तिची आजही शिफारस होते.

त्यांनी आधी वहीत स्वप्न एकदाच लिहून काढलं. सगळ्यात भयंकर स्वप्न आधी घ्यायचं नसतं, मध्यम घ्यायचं; म्हणून तो माणूस उशाशी उभा राहतो असं त्यांचं दुसरं, जास्त भीतीचं स्वप्न बाजूला ठेवून आम्ही तांदळाच्या डब्याचं स्वप्न घेतलं. मग मी सांगितलं, तुम्हाला वाटेल तसं बदला. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं की त्या कोयता घेऊन त्याच्यावर धावून जातात. असं बदलायला मनाई नाही, पण वाचतानाच त्यांचा श्वास चढला, हात गार पडले. नवं स्वप्नही अंगाला लढाईलाच उभं करत असेल तर उजळणीचा उपयोग कमी. मी काही सुचवलं नाही, घरी घेऊन जा म्हटलं.

पुढच्या वेळी त्या जे लिहून आल्या ते मला कधीच सुचलं नसतं. स्वयंपाकघरात तोच माणूस, पाठमोरा. पण मागचं दार उघडं आहे, बाहेर सत्तरीच्या घरचं अंगण आणि तुळस. त्या म्हणतात, «डबा ठेव खाली. हे माझं घर.» तो डबा ठेवतो आणि मागच्या दाराने निघून जातो. त्या दाराला आडणा घालतात, डबा झाकतात आणि चहाचं आधण ठेवतात. माणूस वळत नाही, चेहरा दिसत नाही, आणि त्याची गरजही उरत नाही.

हे नवं रूप रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणायचं: डब्याचा पत्रा हाताला कसा लागतो, आडण्याचा आवाज, आल्याचा वास. जुनं स्वप्न पुन्हा उगाळायचं नाही. मधे एक आठवडा उलटा गेला, स्वप्नं वाढली. चौकशी केली तेव्हा कळलं, दिवसा वेळ मिळत नाही म्हणून त्या रात्री अंथरुणात, दमलेल्या असताना उजळणी करत होत्या, आणि नवं सुरू केलेलं अर्ध्यावर जुन्यात घसरत होतं. दुपारी जेवणं झाल्यावर, बाल्कनीत बसून करायचं ठरलं, तेव्हा गाडी रुळावर आली. नवं स्वप्न जसंच्या तसं त्यांना कधीच पडलं नाही. बहुतेकांना पडत नाही. आधी माणूस लांब गेला, मग तो फक्त आवाज झाला, मग आठवडेच्या आठवडे काही नाही. नऊवारी त्यांनी स्वतःहून कपाटातून काढली.

सगळ्यांना हे लागू पडत नाही. झोपेत खरोखर लाथा झाडणं, ओरडणं, घोरताना श्वास अडकणं, किंवा मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर स्वप्नं वाढणं, अशा वेळी आधी डॉक्टर. गोळी मात्र आपण होऊन थांबवू नका. दिवसाही तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहत असेल, घरी एकटं थांबवतच नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच बोला. आणि स्वप्नातला परका माणूस जर ओळखीचा निघाला, लहानपणी किंवा आजही घरातल्याच कोणाची भीती असेल, तर ते स्वप्न घरी बसून एकटीने बदलायचं नाही. तिथे आधी खरी सुरक्षितता, मग बाकीचं.

यंदाची चतुर्थी जवळ आली तशी त्यांची जुनी स्वप्नं दोन-तीनदा परत आली. वर्ष फिरून तो दिवस आला की असं होतं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या खचल्या नाहीत. दुपारची उजळणी पुन्हा सुरू केली, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली दिली. माटोळी बांधायला त्या सत्तरीला गेल्या आणि पाचही दिवस राहिल्या.