दिराच्या बंद खात्यामुळे माझं खातं निलंबित

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळच्या गावातून मी काजूगर आणि कोकम आगळ ऑनलाइन विकते. माझं खातं ‘आधी बंद केलेल्या खात्याशी संबंधित’ म्हणून निलंबित झालं. ते खातं दिराचं होतं, माझं नाही. चाळीस हजार अडकलेत. केस करू का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. खातं चालू करायला कंपनीला कोर्टातून भाग पाडणं अवघड असतं, कारण खातं थांबवण्याचा अधिकार त्यांनी करारातच ठेवलेला असतो आणि आपण तो न वाचता मान्य केलेला असतो. पैशांचा हक्क मात्र वेगळा. त्याकडे नंतर येऊ.

आधी खाती जुळली कशी ते शोधा. यंत्रणा बँक खातं, मोबाइल नंबर, लॉगिनचं उपकरण, पत्ता अशा गोष्टी ताडून बघते. आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘मु. पो. अमुक, ता. वेंगुर्ला’, घर क्रमांक कोण लिहितो? वेगळी चूल असलेल्या दोन घरांचा पत्ता अक्षरशः एकच निघतो. त्यात दिरांच्या फोनवरून कधी लॉगिन केलं असेल, तर संशय पक्का.

म्हणून ‘आमचा काही संबंध नाही’ असं लिहू नका. आडनाव आणि पत्ता तेच सांगत असताना ते खोटं दिसेल. नातं कबूल करा, धंदा वेगळा असल्याचं दाखवा. साधारण असं :

‘ते खातं माझे दीर चालवत. त्यात माझी भागीदारी नव्हती. आमचा गावाचा पत्ता एक, घरं वेगळी. त्यांच्या फोनवरून मी पूर्वी लॉगिन केलं होतं; आता फक्त माझा फोन वापरते. माझं बँक खातं, पॅन आणि मालाची खरेदी स्वतंत्र आहे. पुरावे जोडले आहेत.’

यातलं तुमच्या बाबतीत खरं असेल तेवढंच ठेवा. सोबत ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा (घर क्रमांक त्यावर असतो), रद्द केलेला चेक, खरेदीची बिलं द्या. खात्यावरचं नाव आणि कागदांवरचं नाव हुबेहूब जुळू दे. लग्नाआधीचं नाव कुठे राहिलं असेल तर तसं लिहा. तीन पानं गाऱ्हाणं घातलंत, तर मुद्दा त्यातच बुडेल. उत्तर येईपर्यंत रोज नवा अर्ज टाकू नका. आणि नवऱ्याच्या नावाने नवं खातं तर मुळीच नको. तेही जोडलेलं ठरेल.

पण माल आणि बँक खातं खरोखर दिरांचंच असेल, तर हा अर्ज टिकणार नाही. आधी त्यांच्या खात्यावरच्या तक्रारी आणि थकबाकी मिटवावी लागेल.

आता पैसे. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम अडवण्याची अट बहुतेक करारांत असते. तुमच्या करारात किती दिवस आहेत ते बघा. ते उलटले की तक्रार निवारण अधिकाऱ्याला ऑर्डरनिहाय हिशेबासह लेखी मागणी पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याचं नाव आणि संपर्क पोर्टलवर देणं बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर वकिलाची नोटीस. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण करारात लवादाचं कलम असलं तर आधी त्या वाटेने जावं लागेल. नोटीस काढायची वेळ आली, तर तो करार छापून घेऊन या.