ऑर्डरवर आकड्यापुढे ग्रॅम की मिली ते लिहा

«ग्रामीण रुग्णालयात रात्री एकटाच असतो. डोक्याला मार लागलेल्या लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली तर ३ टक्के सलाईन द्यायचं की मॅनिटॉल, आणि किलोमागे किती मिली? मिरजेला पोचायला दोन तास लागतात.»

डॉक्टर, दोन्हींसाठी एक आकडा पाठ ठेवा: किलोमागे ५ मिली. ३ टक्के सलाईन किलोमागे २ ते ५ मिली देतात. बाहुली मोठी झाली असेल तर मी सरळ ५ देतो, १० ते १५ मिनिटांत. मॅनिटॉलची मात्रा ग्रॅममध्ये असते, किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम. आपल्याकडची बाटली २० टक्क्यांची, म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम. त्यामुळे एक ग्रॅम म्हणजे ५ मिली आणि अर्धा ग्रॅम म्हणजे अडीच मिली. ते साधारण २० मिनिटांत जाऊ द्या.

हे ग्रॅम आणि मिली मी एवढं का घोकतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जत भागातून चार वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. उसाच्या ट्रॉलीवरून पडली होती, वजन १४ किलो. पाठवणाऱ्या ठिकाणी ऑर्डर होती ‘मॅनिटॉल १४’, पुढे काहीच नाही. डॉक्टरांच्या मनात १४ ग्रॅम होते, म्हणजे ७० मिली. सिस्टरांनी १४ मिली दिलं. तिला मिळाले फक्त २.८ ग्रॅम, किलोमागे ०.२. चिठ्ठीवर ‘मॅनिटॉल दिलं’ एवढंच होतं, म्हणून वाटेत कुणी पुन्हा दिलं नाही. पोचली तेव्हा उजवी बाहुली मोठी होती, उजेडाला हलत नव्हती, आणि नाडी ६२ वर आली होती.

आम्ही तिला ३ टक्के सलाईन ७० मिली दिलं. पेडिया ड्रिपच्या सेटमध्ये एका मिलीला ६० थेंब पडतात, त्यातून ७० मिली पंधरा मिनिटांत जात नाही. म्हणून १० मिलीच्या सात सिरिंज भरल्या आणि प्रत्येक दोन-दोन मिनिटांत हाताने दिली. हातावरच्या चांगल्या शिरेतून चालतं, सेंट्रल लाइनची वाट पाहू नका. वीसेक मिनिटांत बाहुली आकसली. सिटीत कवटीखाली रक्त साठलेलं दिसलं आणि ती लगेच ऑपरेशनला गेली. औषधाने तेवढाच वेळ मिळतो. रक्त काढावंच लागतं, त्यामुळे मिरजेला फोन औषध भरता भरताच करा.

दोन्हींपैकी कोणतं, हे बीपी ठरवतं. मॅनिटॉल पाणी लघवीवाटे बाहेर नेतं. पोटात किंवा मांडीत रक्तस्राव असलेल्या मुलाला ते दिलं तर तासाभरात बीपी पडतं, आणि मेंदूला रक्त पोचवणारा जोर बीपीतूनच येतो. सिस्टोलिक ७० अधिक वयाच्या दुप्पट यापेक्षा खाली (चार वर्षांच्या मुलाला ७८) गेलं असेल तर मॅनिटॉल नकोच. ३ टक्के सलाईन शिरेतलं रक्ताचं आकारमान टिकवतं, म्हणून अपघातात माझी पहिली पसंती तीच. बीपी चांगलं असेल आणि कपाटात मॅनिटॉलच असेल तर ते द्या, थांबू नका, फक्त लघवीची नळी घाला आणि जेवढी लघवी जाते त्यावर लक्ष ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे मॅनिटॉलची बाटली उजेडात धरून पाहा. थंडीत तळाशी साखरेसारखे खडे जमतात. बाटली गरम पाण्यात ठेवून हलवायची, खडे पूर्ण विरघळले की कोमट होऊ द्यायची आणि फिल्टरच्या सेटनेच द्यायची. ३ टक्क्यांची छोटी बाटली साध्या सलाईनसारखीच दिसते, तिच्यावर लाल पेनाने मोठ्ठं ३ लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवा.

किलोमागे ५ मिलीने सोडियम साधारण ४ ने वाढतं. ताज्या अपघातात एका डोसाची भीती नाही. पण बरेच दिवस सोडियम खाली असलेलं मूल असेल, जसं क्षयाच्या मेनिंजायटिसमध्ये होतं, तर सोडियम झपाट्याने वर गेल्याने मेंदूलाच इजा होऊ शकते. तिथे डोस बाहुलीसाठी द्या, पण पुढचा डोस सोडियम पाहिल्याशिवाय नको. ‘मॅनिटॉल आठ तासांनी’ असं लिहून दिवसेंदिवस चालवणं मला अजिबात पटत नाही. मूल सुकतं, आणि रक्ताची ऑस्मोलॅलिटी ३२० च्या वर गेली की मूत्रपिंडाला धोका असतो.

आणि केवळ डोक्याला मार लागलाय म्हणून आधीच देऊ नका. एक बाहुली मोठी होणं, शुद्ध झरझर उतरणं, नाडी मंदावून बीपी चढणं, हातपाय ताठ होणं, यातलं काही दिसलं तर द्या. तोवर ऑक्सिजन, मान सरळ, डोकं ३० अंश वर, आणि ग्लुकोजचं सलाईन नको.

चिठ्ठीवर असं लिहा: ‘वजन १४ किलो. ३ टक्के सलाईन ७० मिली, २.१० ते २.२५. आधी उजवी बाहुली मोठी, २.४५ ला दोन्ही सारख्या.’ अँब्युलन्समध्ये दुसरा डोसही भरून, लेबल लावून द्या.