साहेबांसोबतची मीटिंग किती वेळा पुढे ढकललेली चालते?

"एकच मीटिंग दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलली तर साहेबांचा भरवसा उडेल का?"

दोनदा निभतं, तेही आदल्या दिवशी कळवलं असेल तर. साहेब बुटीबोरीहून निघून वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत आणि तुमचा मेसेज आला, तर पहिल्याच वेळी डोकं फिरतं. डिसेंबरात अधिवेशनामुळे तारीख हलली तर नागपुरात कोणी मनावर घेत नाही.

तिसऱ्यांदा अडलंच तर कॅलेंडरमध्ये गुपचूप वेळ सरकवू नका. फोन करा, दोन नव्या वेळा सुचवा आणि ज्यावर निर्णय हवा तो मुद्दा त्याच दिवशी मेलवर पाठवा, म्हणजे काम थांबत नाही. साहेब "बघू" म्हणून नवी वेळच देईनात किंवा तुमच्या कामाचं दुसऱ्याला विचारू लागले, तर भरवसा आधीच घसरलाय.